कर्जाच्या हप्त्यांचे चेक देण्यापूर्वी: तारीख, क्रमांक आणि रक्कम कशी तपासायची

४ ऑक्टोबर २०२५ पासून देशात चेक वटण्याची पद्धत बदलली. पूर्वी आज भरलेला चेक साधारणपणे दुसऱ्या दिवशी वटायचा. आता सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत बँकेत आलेले चेक लगेच स्कॅन होऊन पुढे जातात आणि ज्याच्या खात्यातून पैसे जायचे त्याच्या बँकेला त्याच संध्याकाळपर्यंत होकार किंवा नकार कळवावा लागतो. कर्जाच्या हप्त्यांसाठी आगाऊ चेक देऊन ठेवलेल्यांना हा बदल पहिल्या झटक्यात जाणवतो. ‘चेक आज लागेल, पैसे उद्या भरू’ हा हिशेब संपला. चेकवर काही चूक असली तर तीही त्याच दिवशी उघडी पडते आणि ती दुरुस्त करायला मधली रात्र मिळत नाही.

म्हणून चेकची गड्डी समोरच्याच्या हाती देण्याआधी ती नीट तपासणं जास्त महत्त्वाचं झालं आहे. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण बहुतेक वेळा होतं काय, तर चोवीस सह्या केल्या जातात आणि गड्डी टेबलापलीकडे सरकवली जाते.

## पुढच्या तारखेचा चेक म्हणजे काय

आज लिहिलेला, पण तारीख पुढची टाकलेला चेक म्हणजे पुढच्या तारखेचा चेक, बोलीभाषेत ‘पीडीसी’. तो आगाऊ काढलेल्या एसटीच्या तिकिटासारखा आहे: हातात आज असला तरी तारखेच्या आधी चालत नाही. मुदतीआधी कोणी तो बँकेत लावला तर बँकेने तो परत करायचा असतो. तिकिटापेक्षा फरक इतकाच, की चेक त्या एका दिवशीच संपत नाही. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे. त्याआधी ती सहा महिने होती. ही तीन महिन्यांची मुदत सही केल्याच्या दिवसापासून मोजली जात नाही, चेकवर लिहिलेल्या तारखेपासून मोजली जाते.

## आता सगळं ऑनलाइन कापलं जातं, मग चेक कशाला?

बँकेचं कर्ज असेल तर बहुधा चेक लागणारच नाहीत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं, की खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची सोय आहे तिथे हप्त्यांसाठी नवे चेक घेऊ नका. पण पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, त्यांना ही सूचना थेट नव्हती. गाडी किंवा यंत्रासाठी कर्ज देणाऱ्या अनेक कंपन्याही आपोआप कपातीसोबत जामीन म्हणून काही चेक घेतात. म्हणून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यवहारात चेकची गड्डी अजून हयात आहे.

आपोआप कपातीचा अर्जही भरला आणि चेकही दिले, असं दोन्ही झालं असेल, तर हप्ता आधी कशातून घेणार आणि दुसरं साधन कधी वापरणार, हे कर्जाच्या पत्रात लिहून घ्या. नाहीतर एकाच महिन्यात दोन्ही बाजूंनी कपात होऊ शकते.

## एक उदाहरण धरून चालू

पतसंस्थेकडून ३,००,००० रुपयांचं कर्ज, व्याज दरसाल १२ टक्के, शिल्लक रकमेवर, मुदत २४ महिने. कर्ज ५ डिसेंबर २०२५ ला मिळालं, पहिला हप्ता ५ जानेवारी २०२६ ला.

हप्ता किती, हे आधी स्वतः काढा. एक्सेलमध्ये एवढंच टाकायचं:

```
=PMT(12%/12,24,-300000)
```

उत्तर येतं १४,१२२.०४. संस्था हप्ता १४,१२२ रुपये धरते. दर महिन्याला सुटलेले चार पैसे व्याजासह साठून शेवटच्या हप्त्यात एक रुपया होतात, म्हणून चोविसावा हप्ता १४,१२३ रुपयांचा. फरक रुपयाचाच आहे, पण तक्त्यात शेवटचा हप्ता वेगळा असेल आणि तुम्ही चोवीसही चेक एकाच रकमेचे लिहिलेत, तर कर्जखात्यावर एक रुपया बाकी राहतो आणि खातं बंद होत नाही. त्यामुळे चेक लिहायला बसण्याआधी हप्त्यांचा छापील तक्ता मागून घ्या आणि त्याची शेवटची ओळ पाहा.

कर्जदाराकडे जुन्या चेकबुकात ४१८६६० ते ४१८६७५ हे चेक उरले होते. लिहिताना ४१८६६७ बिघडला, तो रद्द केला. उरलेले चेक नव्या चेकबुकातून, ५२३००१ पासून पुढे. ही परिस्थिती मुद्दाम घेतली आहे. एकाच कोऱ्या चेकबुकातून सलग गड्डी निघणं हा नशिबाचा भाग असतो.

## आधी यादी, मग चेक

चेक लिहिण्याआधी एका कागदावर चार रकाने करा: हप्ता क्रमांक, चेक क्रमांक, तारीख, रक्कम. पुढची सगळी तपासणी या कागदाशी होते आणि पोच घ्यायची तीही यावरच. आपल्या उदाहरणातल्या मोक्याच्या ओळी अशा दिसतील:

| हप्ता | चेक क्रमांक | तारीख | रक्कम |
|---|---|---|---|
| १ | ४१८६६० | ०५-०१-२०२६ | १४,१२२ |
| ७ | ४१८६६६ | ०५-०७-२०२६ | १४,१२२ |
| ८ | ४१८६६८ | ०५-०८-२०२६ | १४,१२२ |
| १५ | ४१८६७५ | ०५-०३-२०२७ | १४,१२२ |
| १६ | ५२३००१ | ०५-०४-२०२७ | १४,१२२ |
| २४ | ५२३००९ | ०५-१२-२०२७ | १४,१२३ |

सातव्या आणि आठव्या ओळीत मधला एक क्रमांक गाळला आहे, पंधराव्या-सोळाव्या ओळीत चेकबुक बदललं आहे. घोटाळा व्हायचा तर याच दोन सांध्यांवर होतो, म्हणून यादीत तिथे लाल पेनाने खूण करून ठेवा.

## तारखा: बारा-बाराच्या रांगा मांडा

तारखेची सगळ्यात नेहमीची चूक तेराव्या चेकवर होते. बारा वेळा २०२६ लिहून हात बसलेला असतो आणि जानेवारीच्या चेकवरही २०२६ पडतं. त्या चेकवर मग ०५-०१-२०२६ अशी तारीख येते, म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशीच दोन चेक एका तारखेचे होतात. संस्थेने तारखेप्रमाणे चेक लावले तर पहिल्याच महिन्यात दोन हप्ते जातात. क्रमाने लावले तर जानेवारी २०२७ मध्ये तो चेक नऊ महिने शिळा झालेला असतो आणि मुदत संपल्याच्या शेऱ्यासह परत येतो.

दुसरी चूक म्हणजे एखादा महिना दोनदा लिहिणं किंवा एखादा गाळणं. ती पकडायला शेवटच्या चेकची तारीख पाहायची. वर्षांतला फरक गुणिले बारा, त्यात महिन्यांतला फरक, त्यात एक मिळवा: (२०२७ वजा २०२६) म्हणजे १, गुणिले बारा झाले बारा, डिसेंबर वजा जानेवारी अकरा, आणि एक, एकूण चोवीस. मार्च दोनदा लिहिला गेला असेल तर शेवटचा चेक नोव्हेंबरचा निघेल, ऑगस्ट गाळला असेल तर जानेवारी २०२८ चा.

पण मार्च दोनदा आणि ऑगस्ट गाळलेला, असं दोन्ही झालं तर शेवटची तारीख बरोबरच येते आणि ही बेरीज फसते. यासाठी टेबलावर चेक मांडायची पद्धत आहे. पहिले बारा चेक एका रांगेत, पुढचे बारा बरोबर त्यांच्या खाली. आता वरच्या प्रत्येक चेकखाली तोच दिवस, तोच महिना आणि फक्त पुढचं वर्ष दिसलं पाहिजे. कुठल्याही जोडीत महिना वेगळा दिसला तर चूक तिथेच किंवा तिच्या जरा आधी आहे. हप्ते जुलैपासून सुरू होत असले तरी ही मांडणी चालते, कारण बारा चेकनंतर महिना पुन्हा तोच येतो.

हप्त्याचा दिवस महिन्याचा २९, ३० किंवा ३१ ठेवू नका. फेब्रुवारीला ३० तारीख नसते आणि नोव्हेंबरला ३१ नसते. नसलेल्या तारखेचा चेक हा फुकटचा वाद आहे. एक्सेलमध्ये तारखा काढणाऱ्यांसाठी इथे एक खाचखळगा आहे. आधीच्या तारखेत एक महिना मिळवत गेलात तर ३१ जानेवारीची २८ फेब्रुवारी होते आणि पुढे मार्चपासून २८ तारीखच चिकटते. म्हणून पहिल्या तारखेपासूनच मोजा. पहिली तारीख `A2` मध्ये असेल तर तिसऱ्या ओळीपासून खाली:

```
=EDATE($A$2,ROW()-2)
```

सुट्टीच्या दिवसाची मात्र काळजी नको. आपल्या उदाहरणात ५ एप्रिल २०२६ आणि ५ डिसेंबर २०२७ हे रविवार आहेत. चेकवर रविवारची तारीख असली तरी चेक बाद होत नाही, तो पुढच्या कामाच्या दिवशी लागतो. खात्यातली शिल्लक तेवढी त्या दिवसापर्यंत राखायची.

## क्रमांक: मोजणी आणि तळची पट्टी

चेकच्या तळाला यंत्राने वाचायची पट्टी असते. तिच्यात डावीकडून पहिले सहा आकडे चेकचा क्रमांक, त्यापुढचे नऊ आकडे शहर, बँक आणि शाखेचे. या नवातले पहिले तीन शहराचे, मुंबईचे ४०० आणि पुण्याचे ४११, पिनकोडच्या सुरुवातीसारखेच.

क्रमांकावरून चेक मोजताना लोक शेवटच्यातून पहिला वजा करतात आणि एकाने चुकतात. ४१८६७५ वजा ४१८६६० म्हणजे पंधरा. पण दोन्ही टोकं धरून चेक सोळा आहेत. रद्द केलेला एक गेला, उरले पंधरा. नव्या चेकबुकातले ५२३००१ ते ५२३००९, नऊ. पंधरा आणि नऊ, चोवीस. ही मोजणी कागदावर केली तरी चेक हातानेही मोजा. कोरे, नवे चेक एकमेकांना चिकटतात. दोन चेक एकत्र उलटले जातात, आतला बिनसहीचाच राहतो आणि गड्डीत जातो.

रद्द केलेला ४१८६६७ फाडून टाकू नका आणि कोणाला देऊही नका. त्यावर दोन आडव्या रेघांत ‘रद्द’ लिहा, तळची पट्टी आणि सहीची जागा कापा आणि तो यादीच्या तुमच्या प्रतीला लावून ठेवा. पुढे कोणी विचारलं, की मधला एक चेक कुठे आहे, तर तो तुमच्याकडे दाखवता आला पाहिजे.

चेकबुक दोन असतील तर दोन्हीतल्या नऊ आकड्यांची तुलना करा आणि छापलेला खाते क्रमांकही पाहा. घरात दोन खाती असली की दुसऱ्या खात्याचं चेकबुक सहज हाती येतं. त्याहून लपलेली अडचण म्हणजे विलीन झालेली बँक. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक, बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक, युनियन बँकेत. अशा विलीनीकरणानंतर जुन्या नावाची चेकबुकं ठराविक तारखेनंतर बंद होतात. कपाटात पडलेलं जुनं चेकबुक स्वस्तात संपवण्याचा मोह इथे महागात पडतो.

## रक्कम: आकडा एकाने वाचावा, अक्षर दुसऱ्याने

चोवीस चेकवरच्या आकड्यांची कॅल्क्युलेटरवर बेरीज करा, प्रत्येक आकडा चेकवरून पाहून. २३ वेळा १४,१२२ म्हणजे ३,२४,८०६. त्यात १४,१२३ मिळवले की ३,३८,९२९. बेरीज वेगळी आली तर फरक काढा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे पडले असण्याची शक्यता मोठी. १४,१२२ च्या जागी १४,२१२ लिहिलं गेलं तर फरक ९० येतो.

बेरीज जुळली म्हणजे अक्षरं जुळली असं नाही. ‘चौदा हजार एकशे बावीस फक्त’ लिहिताना ‘बावीस’चं ‘बत्तीस’ झालं, तर कॅल्क्युलेटरला ते कळत नाही. म्हणून दुसऱ्या माणसाने फक्त अक्षरं मोठ्याने वाचावीत आणि पहिल्याने आकड्यावर बोट ठेवून ऐकावं. लिहिणाऱ्याने स्वतःचीच अक्षरं वाचली तर डोळा त्याला हवं तेच वाचतो.

चेक मराठीतून लिहायला काहीच हरकत नाही; मराठी, हिंदी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांतले चेक बँकेने घ्यायचे आहेत. पण अंकांच्या चौकटीत मराठी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ करू नका. घाईत काढलेला मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ७ हा 6 सारखा आणि मराठी ४ हा 8 सारखा. आता चेक स्वतः प्रवास करत नाही, त्याचं फक्त चित्र जातं. दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस पडद्यावर ते बघून ठरवणार आहे. अक्षरी रक्कम मराठीत आणि आकडे सगळीकडे इंग्रजी, ही जोडी मला सर्वांत सुरक्षित वाटते. आकडा रुपयाच्या चिन्हाला चिकटवून सुरू करा, म्हणजे आधी अंक घुसवायला जागा राहत नाही. गरम केल्यावर पुसली जाणारी शाई वापरू नका.

## ‘चूक झाली तर खोडून सही करू की’

नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० पासून या चित्राच्या पद्धतीतल्या चेकवर खाडाखोड बंद केली आहे. तारखेची मुदत नव्याने चालू करून देणं एवढाच अपवाद आहे. घेणाऱ्याचं नाव किंवा रक्कम बदलायची तर नवा चेकच लिहावा लागतो, खाली कितीही सह्या केल्या तरी. तारीख चुकली असेल तर अपवादाच्या भरवशावर न बसता तिथेही नवा चेक घ्यावा, कारण एका शाखेने स्वीकारलेली खाडाखोड दुसरी परत करते.

‘आकडा आणि अक्षर यांत फरक असेल तर अक्षर धरतात ना?’ कायद्यात तसंच आहे, परक्राम्य लेख अधिनियमाच्या १८ व्या कलमात. पण व्यवहारात बँक असा चेक ‘आकडे व अक्षरे जुळत नाहीत’ या शेऱ्याने परत करते. कायदा तुमच्या बाजूने असला तरी हप्ता चुकलेलाच असतो.

## ‘तीन कोरे चेक जास्तीचे द्या’

हप्त्यांच्या चेकसोबत जामीन म्हणून दोन-तीन सही केलेले, तारीख-रक्कम न टाकलेले चेक मागितले जातात. ‘कोरा चेक आहे, त्याला कायद्यात किंमत नाही’ हा समज चुकीचा आहे. अपूर्ण दस्तऐवजावर सही करून देणं म्हणजे तो भरण्याचा अधिकार देणं, असं २० वं कलम सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीरसिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की स्वेच्छेने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला होता असं गृहीत धरलं जाईल; तसं नव्हतं हे सिद्ध करणं सही करणाऱ्यावर.

द्यावेच लागले तर निदान घेणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा, डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघांत ‘फक्त खात्यात जमा’ लिहा, मागच्या बाजूला कर्ज खाते क्रमांक टाका आणि यादीच्या शेवटी त्यांचे क्रमांक ‘जामीन, रक्कम-तारीख कोरी’ अशा शेऱ्यासह स्वतंत्र लिहा. आपल्या उदाहरणात ते ५२३०१० ते ५२३०१२ असतील.

यादीच्या दोन प्रती करा. संस्थेच्या माणसाने चेक एक-एक पाहून यादीवर टिक करावी आणि तुमच्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख द्यावी. ‘२४ चेक मिळाले’ एवढीच पोच पुरेशी नाही. प्रत्येक क्रमांक त्यावर दिसला पाहिजे.

## चेक परत गेला तर, आणि कर्ज लवकर फिटलं तर

शिल्लक नसल्याने चेक परत गेला तर १३८ व्या कलमाची वाट सुरू होते. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत समोरचा लेखी नोटीस पाठवू शकतो, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर प्रकरण तिथे थांबतं. न भरल्यास गुन्हा होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘तो चेक जामीन म्हणून दिला होता’ हे उत्तर हप्त्याच्या चेकला चालत नाही, हे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे: चेकच्या तारखेला देणं उभं असेल तर कलम लागू होतं.

दुसरी बाजू अंशतः भरण्याची. समजा अठराव्या महिन्यात तुम्ही काही रक्कम एकदम भरली. मुदत कमी झाली तर शेवटचे चेक परत मागायचे. हप्ता कमी झाला तर उरलेले सगळेच बदलून द्यायचे, कारण जुन्या रकमेचे चेक आता देण्यापेक्षा जास्त आहेत. चेक दिल्यानंतर भरलेली रक्कम त्यावर नोंदवलीच पाहिजे, नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक लावला तर १३८ व्या कलमाखालची तक्रार टिकत नाही, असा २०२२ चा निकाल आहे. पण निकालावर विसंबण्यापेक्षा जुने चेक हातात परत घेणं सोपं आहे.

कर्ज पूर्ण फिटलं की येणे-बाकी नसल्याच्या दाखल्यासोबत यादी पुन्हा बाहेर काढा आणि परत आलेला प्रत्येक चेक तिच्यावर टिक करा. जामिनाचे तीन चेक याच वेळी विसरले जातात. त्यातला एखादा ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर तसं लेखी घ्या आणि त्याच दिवशी तुमच्या बँकेत त्या क्रमांकाचं पैसे देणं थांबवण्याचा अर्ज द्या. अर्जात ५२३०१० असा नेमका क्रमांक लागतो, आणि तो तुम्हाला फक्त त्या यादीवरच मिळेल.